अभिप्रायार्थ प्रत फुकट, अभिप्राय मात्र नाही

आंतरधर्मीय संवादावरच्या एखाद्या अभ्यासग्रंथाचे परीक्षण लिहाल का, अशी विचारणा प्राध्यापकांना, सेमिनरीतल्या शिक्षकांना आणि पीएच.डी. करणाऱ्यांना अधूनमधून होते. होकार दिला जातो तो पुस्तक फुकट मिळणार म्हणून. मग दोन-तीन महिन्यांची मुदत संपत येते, पुस्तक अर्धेही झालेले नसते, आणि शेवटी प्रस्तावना, प्रकरणांची शीर्षके आणि समारोप एवढ्या भांडवलावर हजार शब्द उभे राहतात. तसे होऊ नये म्हणून या कामाला नेमका किती खर्च येतो, कोणता करावा आणि कोणता टाळावा, याचा हा हिशोब. उदाहरणादाखल एकच पुस्तक घेऊ: मुथुराज स्वामी यांचे ‘द प्रॉब्लेम विथ इंटररिलिजस डायलॉग’. ब्लूम्सबरीने 2016 मध्ये काढलेल्या या पुस्तकाच्या उपशीर्षकात बहुलता, संघर्ष आणि अभिजनवाद असे तीन शब्द आहेत, आणि विषय हिंदू-ख्रिस्ती-मुस्लिम संबंधांचा आहे.

आधी पैशांचे. मराठीत प्रकाशक किंवा लेखक नियतकालिकाकडे ‘अभिप्रायार्थ’ असा शिक्का मारून प्रती पाठवतो. बहुतेकांची बोळवण ‘साभार पोच’मध्ये होते, काहींवर परीक्षण येते. इंग्रजी अभ्यासपत्रिकांत परीक्षण-संपादक आधी परीक्षक ठरवतो आणि मग प्रकाशकाकडून प्रत मागवतो. परीक्षकाला दोन्हीकडे प्रत फुकटच. पण ही प्रत परदेशातून छापील येणार असेल, तर 2019 च्या अर्थसंकल्पापासून आयात छापील पुस्तकांवर 5 टक्के सीमाशुल्क आहे आणि कुरियर कंपनी त्यावर स्वतःचा हाताळणी आकार लावते. प्रत फुकट असली तरी हे पैसे दारात मागितले जाऊ शकतात, म्हणून परीक्षण-संपादकाला सुरुवातीलाच विचारून ठेवा. बहुतेक प्रकाशक आता पीडीएफ किंवा ई-प्रत देतात. पैसे वाचवायचे तर तीच घ्या. मात्र तिच्यातले पृष्ठक्रमांक छापील आवृत्तीशी जुळतात का ते पाहून घ्या. काही ई-प्रतींत पानांचे आकडेच नसतात, आणि ‘पृष्ठ 112’ असा दाखला देता आला नाही तर परीक्षणाचा निम्मा जोर जातो.

प्रत मिळाली नाही आणि विकत घ्यायची वेळ आली, तर अशा पुस्तकांची पुठ्ठा-बांधणी ग्रंथालयांसाठी असते आणि किंमत शंभर पौंडांच्या आसपास, म्हणजे अकरा-बारा हजार रुपये. वर्ष-दोन वर्षांनी कागदी बांधणीची आवृत्ती आली तर ती याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शात मिळते. परीक्षणासाठी स्वतःच्या खिशातून पुठ्ठा-बांधणी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कॉलेजचे ग्रंथालय डेलनेटचे सभासद असेल तर ग्रंथपालामार्फत आंतरग्रंथालयीन उसनवारीने पुस्तक मागवता येते. टपालखर्चापलीकडे फारसे काही लागत नाही. पुण्यात असाल तर नगर रस्त्यावरच्या ज्ञानदीप या येशूसंघीय विद्यापीठाच्या ग्रंथालयात या विषयाचा मोठा संग्रह आहे. बाहेरच्या वाचकांसाठीचे नियम आणि शुल्क जाण्यापूर्वी विचारून घ्या. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेचा मात्र इथे अर्धाच उपयोग. 2025 च्या आरंभापासून सरकारी उच्चशिक्षण संस्थांना तिच्यामार्फत हजारो नियतकालिके खुली झाली, त्यामुळे त्या पुस्तकाविषयी इतरांनी काय लिहिले ते वाचता येईल. पुस्तके त्या योजनेत नाहीत.

एक खर्च शून्यच असला पाहिजे: छापण्याचा. प्रतिष्ठित अभ्यासपत्रिका पुस्तक-परीक्षणासाठी लेखकाकडून पैसे घेत नाहीत. हिंदू-ख्रिस्ती अभ्यासाला वाहिलेले ‘जर्नल ऑफ हिंदू-क्रिश्चन स्टडीज’ तर वाचकांनाही इंटरनेटवर मोफत खुले आहे. ‘हजार-दोन हजार भरा, आठवड्यात छापतो, प्रमाणपत्रही देतो’ असा निरोप आला की समजायचे, तिथे परीक्षण कोणी वाचणार नाही, संपादकसुद्धा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी 2025 मध्ये ‘केअर’ यादी बंद केल्यापासून अशा दुकानदारांना आणखी रान मोकळे झाले आहे. शिवाय पैसे भरून मिळणार तरी काय? आयोगाच्या 2018 च्या नियमावलीतील संशोधन-गुणांच्या तक्त्यात शोधनिबंध आहे, ग्रंथ आहे, प्रकरण आहे, भाषांतरही आहे. पुस्तक-परीक्षणाचा रकाना नाही. बढतीच्या फाइलीसाठी परीक्षण लिहीत असाल तर इथेच थांबलेले बरे.

म्हणजे पैशांचा खर्च व्यवस्थित केला तर नगण्य. खरा खर्च तासांचा आहे, आणि तो कमी केला की त्याची किंमत पुस्तकाचा लेखक मोजतो.

अडीचशे पानांचा अभ्यासग्रंथ टिपणे काढत वाचायला तासाला दहा-बारा पाने, असा वेग धरा. वीस-पंचवीस तास इथेच गेले. ज्या प्रकरणावर पुस्तकाचा युक्तिवाद उभा आहे ते दुसऱ्यांदा वाचायला तीन तास. आजूबाजूचे वाचन सहा-सात तास. लिहायला आठ-दहा आणि कापायला दोन-तीन. बेरीज चाळीस ते पन्नास तासांची होते. रोज दोन तास काढता येत असतील तर साधारण महिना, आणि परीक्षांचा हंगाम मध्ये आला तर दोन. संपादकाला होकार देण्यापूर्वी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवा, आणि जमणार नसेल तर नाही म्हणा. वेळेवर दिलेल्या नकाराचे संपादकाला काहीच वाटत नाही. प्रत घेऊन गप्प बसणारे मात्र त्याच्या कायमचे लक्षात राहतात.

यातले आजूबाजूच्या वाचनाचे सहा-सात तास लोक हमखास वाचवतात. स्वामींच्या पुस्तकाबाबत ते वाचवले तर काय होते पाहा. ‘संवादाची समस्या’ असे म्हणणारे पुस्तक हातात आले की परीक्षकाच्या मनात पहिली प्रतिक्रिया येते ती अशी: हा माणूस धर्माधर्मांतल्या संवादाच्या विरोधात दिसतो. आणि तेच पहिल्या परिच्छेदात लिहिले जाते. पण स्वामींचा रोख एका विशिष्ट परंपरेवर आहे. तिचा अलीकडचा इतिहास व्हॅटिकनच्या 1965 च्या ‘नोस्त्रा एतात’ या जाहीरनाम्यापासून किंवा जागतिक चर्च परिषदेने 1971 मध्ये उघडलेल्या संवाद-विभागापासून सांगता येतो. त्या विभागाचे पहिले संचालक स्टॅन्ली समर्था हे भारतीयच. भारतात त्याच्याही आधी, 1957 मध्ये बंगळूरला धर्म आणि समाज यांच्या अभ्यासासाठी ख्रिस्ती संस्था निघाली आणि देवानंदन, एम. एम. थॉमस यांनी तिथून हे काम केले. परिषदा, ठराव, निमंत्रित विद्वान, धर्मगुरू अशी या संवादाची घडण आहे. एवढे ठाऊक असले की स्वामी कोणाशी भांडत आहेत ते कळते. शेजारधर्माशी त्यांचे भांडण नाही. शेजारधर्म शिकवायला येणाऱ्या शिबिरांनी काय गृहीत धरले आहे, ते तपासून पाहावे असे त्यांचे म्हणणे आहे.

ही गृहीतके तीन. ‘हिंदू’, ‘ख्रिस्ती’, ‘मुस्लिम’ असे कडेकोट वेगळे धर्म आधीपासून तयार आहेत आणि त्यांना जोडायचे आहे, हे पहिले; स्वामी म्हणतात की ही विभागणी मोठ्या प्रमाणात आधुनिक, वसाहतकाळात घडलेली आहे. दंगली धर्मामुळे होतात, म्हणून उपायही धर्मांनी एकमेकांशी बोलण्याचा, हे दुसरे. आणि सामान्य माणसाला हे बोलणे येत नाही, ते वरून खाली पोचवावे लागते, हे तिसरे. तपासणीसाठी ते कन्याकुमारी जिल्ह्यात जातात. तिथे मार्च 1982 मध्ये मंडैक्काडूच्या भगवती मंदिराच्या उत्सवात हिंदू आणि ख्रिस्ती मच्छिमार यांच्यात दंगल पेटली आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. सरकारी कागदांत आणि संवादाच्या साहित्यात ती ‘धार्मिक दंगल’ म्हणून नोंदली गेली. स्वामी तिच्यामागे जात, पोटापाण्याचे प्रश्न आणि राजकारण शोधतात, आणि त्याच भागात माणसे रोजच्या व्यवहारात एकमेकांशी कशी जोडलेली आहेत याकडे लक्ष वेधतात.

आता तिसरे चलन: शब्द. अभ्यासपत्रिका परीक्षणाला साधारण आठशे ते बाराशे शब्द देते. आपण हजार धरू. विषय कोणता आणि या क्षेत्रात पुस्तक कुठे बसते याला सव्वाशे. युक्तिवादाच्या सारांशाला चारशे. जे साधले आहे त्याला दीडशे. आक्षेपांना अडीचशे. उरलेल्या पाऊणशेत, हे कोणी वाचावे. घरखर्चाच्या वहीसारखे हे आकडे आधी लिहून ठेवावेत, कारण न लिहिता बसले की सारांश सातशेवर जातो, आक्षेप दोन ओळींत उरकतात आणि ‘तरीही पुस्तक संग्राह्य आहे’ या वाक्याने परीक्षण संपते. मराठी परीक्षणांतल्या या ‘संग्राह्य’ शब्दाने वाचकाला आजवर काहीही सांगितलेले नाही.

पुस्तक संपादित असेल तर हा हिशोब मोडतो. कॅथरिन कॉर्निल यांनी संपादित केलेला वायली-ब्लॅकवेलचा 2013 चा संवाद-विषयक ग्रंथ सुमारे पाचशे पानांचा आणि अनेक लेखकांचा आहे. प्रत्येक लेखाला एक वाक्य दिले तरी पाचशे शब्द संपतात आणि हाती अनुक्रमणिका उरते. अशा वेळी संपादकाची रचना सांगावी, दोन-तीन लेख निवडून त्यांच्याशी नीट बोलावे आणि तेच का निवडले हे एका वाक्यात कबूल करावे. उरलेल्या लेखकांवर अन्याय होतोच, पण निदान तो उघड होतो.

आक्षेपांच्या अडीचशे शब्दांत सर्वाधिक तास घालवावेत, कारण न्याय-अन्यायाचा प्रश्न इथेच येतो. स्वामींच्या पुस्तकावर तीन आक्षेप सहज सुचतात. त्यातला एक चांगला, एक स्वस्त आणि एक अवघड आहे.

चांगला आक्षेप भूगोलाचा. 2011 च्या जनगणनेत कन्याकुमारी जिल्ह्यात ख्रिस्ती सुमारे 47 टक्के आणि हिंदू 49 टक्क्यांच्या आसपास आहेत. दोन जवळपास बरोबरीचे समाज, एकच बाजार, एकच किनारा. महाराष्ट्रात ख्रिस्ती एक टक्काही नाहीत. वसईचा पट्टा सोडला तर बहुतेक मराठी हिंदूंच्या रोजच्या जगण्यात ख्रिस्ती शेजारी येतच नाही. तिथे ‘रोजच्या संबंधांतूनच संवाद घडतो’ हे म्हणणे कितपत लागू पडते, हा खरा प्रश्न आहे. पण तो लिहिण्याआधी एक काम करावे लागते. पुस्तकाच्या उपशीर्षकात स्थळाची मर्यादा नाही, हे खरे. परंतु मुखपृष्ठावरच्या शब्दांत विक्रीचाही विचार असतो आणि प्रकाशकाचाही हात असतो. लेखकाने प्रस्तावनेत आणि समारोपात आपला दावा कुठपर्यंत नेला आहे ते शोधा आणि पृष्ठक्रमांक टिपा. त्याने मर्यादा घातली असेल तर आक्षेप मुखपृष्ठावर आहे, पुस्तकावर नाही, आणि तो ‘हे निष्कर्ष इतरत्र तपासायला हवेत’ एवढ्यावर आणावा. मर्यादा घातली नसेल तर बिनदिक्कत लिहावे. या तपासणीला अर्धा तास लागतो. परीक्षणातली निम्मी अन्यायी वाक्ये हा अर्धा तास वाचवल्याने जन्मतात.

स्वस्त आक्षेप असा: अभिजनवादावर टीका करणारे पुस्तक इंग्रजीत, विद्वानांच्या भाषेत, आणि किंमत मच्छिमाराच्या महिन्याच्या कमाईला भारी. वाक्य चमकदार होते, वाचक हसतो. पण किंमत लेखक ठरवत नाही आणि अभ्यासग्रंथाची भाषा विद्यापीठीय जग ठरवते. हे वाक्य लिहून झाल्यावर खोडावे. याच्या जवळचाच एक प्रश्न मात्र रास्त आहे: गावातल्या माणसांचे म्हणणे पुस्तकात त्यांच्या तोंडून किती येते आणि लेखकाच्या सारांशातून किती? हे मोजता येते. क्षेत्रकामाच्या प्रकरणांत अवतरणे किती पानांवर आहेत, बोलणारे कोण, बायका किती, नुसते मोजत गेलात तरी आक्षेपाला पाया मिळतो, किंवा आक्षेपच गळून पडतो.

अवघड आक्षेप संकल्पनेचा. ‘धर्म’ या वेगळ्या कप्प्याविषयीच शंका घेतली, की मग मंडैक्काडूच्या लोकांना ‘हिंदू’ आणि ‘ख्रिस्ती’ म्हणायचे कशाच्या आधारावर? धर्म या संकल्पनेची चिकित्सा करणाऱ्या सगळ्याच अभ्यासकांपुढे ही अडचण असते. तिला ‘विसंगती’ म्हणून निकालात काढणे सोपे आहे. त्यापेक्षा लेखक ती कशी हाताळतो ते दाखवावे: लोक स्वतःला जे म्हणवतात ते तो वापरतो का, त्याच माणसाची जात, गाव, धंदा ही इतर ओळख सोबत ठेवतो का, आणि कुठे नकळत जुन्या कप्प्यांकडे घसरतो का. घसरला असेल तर एका पानाचा दाखला पुरतो.

तुलनेसाठी कॉर्निल यांचे 2008 चे संवादाच्या ‘अ-शक्यते’वरचे पुस्तक हाताशी ठेवावे. त्यात नम्रता, निष्ठा, परस्परसंबद्धता, सहानुभूती आणि आतिथ्य या पाच अटींची चर्चा आहे; सगळ्या अटी संवाद करणाऱ्याच्या धर्मदृष्टीविषयी आणि वृत्तीविषयी आहेत. स्वामींचा प्रश्न त्याच्या आधीचा आहे: संवादाला बोलावले कोणी आणि कोणाला? ही दोन पुस्तके शेजारी ठेवली की सव्वाशे शब्दांचा पहिला परिच्छेद आपोआप भरतो. पण स्वामींनी नम्रतेची चर्चा केली नाही, अशी तक्रार करू नये. जे पुस्तक लिहायचेच नव्हते ते लिहिले नाही म्हणून कोणाला दोष देता येत नाही.

सारांश न्याय्य झाला का, याची एक कसोटी याच क्षेत्राने दिली आहे. लिओनार्ड स्विडलर यांनी 1980 च्या दशकात संवादाचे दहा नियम मांडले. त्यातल्या एकाचा आशय असा की प्रत्येकाने आपली व्याख्या स्वतः करावी, आणि दुसऱ्याने केलेल्या वर्णनात त्याला स्वतःला ओळखता आले पाहिजे. परीक्षणाचे चारशे शब्द लिहून झाले की ते लेखक वाचतो आहे अशी कल्पना करा. ‘हो, मी हेच म्हटले’ असे त्याला म्हणता येईल का? न येईल तिथे पुस्तक पुन्हा उघडा. कसोटीची दुसरी बाजू आपल्याकडे वळते. तुम्ही सेमिनरीत शिकवत असाल आणि पुस्तक चर्चच्या संवाद-कार्यावर टीका करत असेल, किंवा तुम्ही हिंदू असाल आणि लेखक ख्रिस्ती, तर कडक वाक्याखाली पेन्सिलीने खूण करून विचारा: लेखक माझ्या बाजूचा असता तर हेच वाक्य याच शब्दांत लिहिले असते का? मवाळ वाक्यालाही तेच विचारा. अघळपघळ स्तुती करताना आपण सहसा सावध नसतो.

ओळखीचाही प्रश्न येतो. स्वामी पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत शिकवत असत. पुण्यातल्या धर्म-अभ्यासकांचे वर्तुळ लहान आहे. एकाच चर्चासत्रात चहा घेतलेला असतो, कधी एकाच समितीवर काम केलेले असते. नुसत्या ओळखीने काही बिघडत नाही, पण लेखकाने ऋणनिर्देशात तुमचे नाव घेतले असेल, तुम्ही हस्तलिखित वाचले असेल, किंवा नोकरीच्या मुलाखतीत आमनेसामने आला असाल तर परीक्षण-संपादकाला होकार देण्याआधीच कळवा. तो ठरवेल. इतरांची परीक्षणे कधी वाचावीत याविषयी दुमत आहे. मी म्हणेन, पहिला खर्डा झाल्यावर. आधी वाचली तर त्यांचे आक्षेप तुमचे वाटू लागतात. नंतर वाचली तर आपल्या नजरेतून काय निसटले ते कळते, आणि चूक दुरुस्त करायला वेळ असतो.

मराठीत लिहायचे तर ‘नवभारत’, ‘परामर्श’, ‘समाज प्रबोधन पत्रिका’ ही नावे समोर येतात. ‘निरोप्या’ 1903 पासूनचे ख्रिस्ती मासिक आहे आणि त्याचा वाचक वेगळा. मासिक-साप्ताहिकासाठी लिहिताना सारांशाचा वाटा वाढवावा लागतो, कारण अकरा हजारांचे पुस्तक बहुतेक वाचक कधीच हातात घेणार नाहीत. तुमचा सारांश हेच त्यांच्यासाठी पुस्तक. म्हणून मराठीत अन्याय झाला तर तो दुरुस्त होण्याची शक्यताही कमी. मानधन मिळालेच तर टपालखर्च आणि रिक्षाभाडे निघेल एवढे धरून चाला.

मजकूर पाठवताना पुस्तकाचे नाव, प्रकाशक, वर्ष, पृष्ठसंख्या, बांधणी आणि किंमत संपादकाच्या पद्धतीने वर द्या. अवतरणे मूळ प्रतीशी पुन्हा ताडून घ्या, विशेषतः ई-प्रतीतून उतरवलेली. छापून आल्यावर लेखकाने प्रत्युत्तर दिले तर अनेक पत्रिका ते छापतात आणि परीक्षकाला उत्तराची संधी देतात. तेव्हा तुमच्या टिपणांची वही हाताशी असली पाहिजे. ती किमान वर्षभर ठेवा, पृष्ठक्रमांकांसकट.